फोनवर अरबीतून डॉक्टरांची वेळ घेताना आपलं नाव कसं सांगायचं?

सायली_अम्मान
अम्मानमध्ये राहते, बोलीभाषेचा वर्ग सहा महिने झाला. समोरासमोर बोलणं जमतं. प्रश्न फोनचा आहे. दाताच्या दवाखान्यात वेळ घ्यायची आहे आणि तिथली रिसेप्शनवरची बाई फक्त अरबी बोलते.

सोयीसाठी नाव 'प्राची गोखले' धरू या, कारण माझ्या नावातल्या सगळ्या अडचणी त्यात आहेत. अरबीत प नाही, च नाही, ग चा गोंधळ आहे. मला तीन गोष्टी हव्यात. एक, संभाषण कोणत्या क्रमाने जातं. दोन, ऐकू आलं नाही तर नेमकं काय म्हणायचं. तीन, नाव अक्षर अक्षर करून कसं सांगायचं.

लिहिताना 'ऐन' या घशातल्या अक्षरासाठी ऽ वापरू या, आणि खोल ह साठी ह़. नाहीतर पुढे घोळ होईल.

खोबार_दादा
सायलीताई, इतकी तयारी कशाला? आखातात निम्म्या दवाखान्यांत रिसेप्शनवर आपली माणसं असतात. हिंदीत बोला, काम होतं. अगदीच अरबी लागली तर 'अब्ग़ा अह़जिज़ मौऽइद' एवढं पुरे. म्हणजे मला वेळ ठरवायची आहे. आणि ग साठी क़ाफ सांगा, सगळ्यांना कळतं.

वाव_वर्दा
दादा, तुमचं सौदीपुरतं बरोबर आहे, पण अम्मान म्हणजे आखात नव्हे. तिथे दवाखान्यात हिंदी बोलणारं कोणी भेटेल हे गृहीत धरता येत नाही. 'अब्ग़ा' समजेल, पण तिथला शब्द 'बिद्दी' आहे.

क़ाफचं सविस्तर सांगते, कारण गोखल्यांची गाडी तिथेच अडते. परदेशी ग कोणत्या अक्षराने लिहायचा हे अरब देशांत एकसारखं नाही. गूगल हा एकच शब्द घ्या. सौदीत तो क़ाफने लिहिलेला दिसतो, कैरोत जीमने, इराकमध्ये काफने आणि अम्मान-बैरूतकडे ग़ैनने. सौदीत बोलताना क़ाफचा ग होतो म्हणून तिथे ते जमतं. अम्मानच्या शहरी बोलीत क़ाफ बहुतेक गिळला जातो. 'दक़ीक़ा' म्हणजे एक मिनिट, ते तिथे 'दईआ' असं ऐकू येतं. तिथे तुम्ही क़ाफ सांगितलात तर गोखलेंचं काहीतरी भलतंच होईल.

म्हणून नियम एकच ठेवा. कानाला काय बरोबर वाटतं ते सांगू नका, कागदावर काय आहे ते सांगा. सायली, तुमच्या इकामतीवर म्हणजे राहण्याच्या परवान्यावर नाव अरबीत छापलेलं असेल. ती अक्षरं बघून इथे लिहा, मग पुढे जाऊ.

उर्दूप्रेमी_संभाजीनगर
प आणि च नाही असं कसं? पे आणि चे आहेत की. लहानपणी उर्दू शाळेच्या भिंतीवर वाचलीत. खाली तीन ठिपके दिले की झालं. फोनवर सरळ 'पे' म्हणा.

वाव_वर्दा
पे आणि चे ही फारसीने वाढवलेली अक्षरं, तिथून ती उर्दूत आली. अरबीच्या अठ्ठावीस अक्षरांत ती नाहीत. छापील मजकुरात क्वचित तीन ठिपक्यांचा बा दिसतो, पण दवाखान्याच्या संगणकावर ती कळ शोधत कोणी बसत नाही. फोनवर 'पे' म्हटलंत तर पलीकडे 'बे' ऐकू येणार आणि बाई बा लिहिणार. मग आपणच बा सांगितलेला बरा, वेळ वाचतो. च साठी त्या भागात ता आणि शीन अशी दोन अक्षरं जोडून लिहितात. इराकमध्ये मात्र चे चालतं, कारण तिथल्या बोलीतच च आहे. त्यामुळे तुमचं म्हणणं बगदादला लागू, अम्मानला नाही.

सायली_अम्मान
परवाना बघितला. नमुन्याच्या नावाला लावून लिहिते. प्राची: बा, रा, अलिफ, ता, शीन, या. गोखले: ग़ैन, वाव, ख़ा, अलिफ, लाम, या. पण हा ख़ा कुठून आला? गोखलेत तर साधा ख आहे. परवान्यावर चूक झाली आहे का? दुरुस्त करून घेऊ?

टंकलेखक
चूक नव्हे ती, इंग्रजीची करामत आहे. पासपोर्टवर गोखले 'के-एच' ने लिहिलं जातं. अरबी कारकुनासाठी के-एच म्हणजे ख़ा, घशातला. आपल्या महाप्राण अक्षरांचं सगळ्यांचं तसंच होतं. ठाकूर 'टी-एच' ने लिहितात, कारकून ते 'सा' करतो, म्हणजे 'थिंक' मधला उच्चार. धनश्रीचा 'डी-एच' त्याला ज़ाल वाटतो. घाटगेचा 'जी-एच' ग़ैन होतो. खरातचा ख़ारात होतो. भ आणि फ मात्र बचावतात.

नाव लिप्यंतर करणारा माणूस पासपोर्ट वाचतो, तुमचा उच्चार ऐकत नाही. म्हणून एकाच घरातल्या दोन भावांचं आडनाव दोन कचेऱ्यांत दोन तऱ्हेने लिहिलं जाऊ शकतं.

वाव_वर्दा
टंकलेखक यांनी नेमकं सांगितलं. सायली, दुरुस्तीच्या भानगडीत पडू नका. दवाखान्यात फाइल उघडेल ती त्या अक्षरांनी, आणि पुढे विम्याचा कागद त्याच अक्षरांशी ताडून बघतील. फोनवर स्वतःचं आडनाव 'ग़ोख़ाली' असंच उच्चारा. सवय व्हायला दोन दिवस लागतात.

आता अक्षरं सांगण्याची पद्धत. नुसतं 'बा, रा' म्हणून भागत नाही. फोनवर बा आणि ता सारखे वाटतात, ह़ा आणि हा तर हमखास. प्रत्येक अक्षरामागे त्याचा शब्द लावायचा, आणि शब्द मुलांच्या अंकलिपीतले घ्यायचे, कारण पलीकडच्या बाईने तेच वाचून अक्षरं गिरवलेली असतात. मधे 'मिथ्ल' किंवा 'ज़य्य' म्हणजे 'सारखा' असं घालतात, घाईत तेही गाळतात.

प्राची असं होईल: बा बत्ता, रा रुम्मान, अलिफ अर्नब, ता तुफ्फाह़ा, शीन शम्स, या यद. म्हणजे बदक, डाळिंब, ससा, सफरचंद, सूर्य, हात.

ग़ोख़ाली असं: ग़ैन ग़ज़ाल, वाव वर्दा, ख़ा ख़रूफ, अलिफ अर्नब, लाम लैमून, या यद. हरीण, गुलाब, मेंढा, ससा, लिंबू, हात.

मिरजेची_मावशी
गोखल्यांच्या आडनावात हरीण, मेंढा आणि ससा! माझ्या नातवाला हे वाचून दाखवणार आहे. वाव_वर्दा, तुमचं नावही यातलंच की.

वाव_वर्दा
हो मावशी, व चा गुलाब. नातवाला सांगा, 'सा' अक्षराला 'सऽलब' म्हणजे कोल्हा आहे आणि जीमला जमल म्हणजे उंट.

कैरोवारी
जीमबद्दल एक. कैरोत या अक्षरालाच 'गीम' म्हणतात आणि उंटाला 'गमल'. तिथे गोखलेचा ग 'गीम गमल' असा सांगितला की काम झालं. पण तीच स्पेलिंग घेऊन अम्मानला फोन केलात तर रिसेप्शनवाली 'जोख़ाली' वाचेल. कोणाची बदली एका देशातून दुसऱ्या देशात झाली असेल तर जुन्या कार्डावरचा जीम आणि नव्या कार्डावरचा ग़ैन हे एकाच माणसाचे आहेत, हे लक्षात ठेवावं लागतं.

कैरोत वेळ घेताना 'ऽआयज़ा अह़गिज़' म्हणायचं, पुरुषाने 'ऽआयेज़'. आणि विचारलं जातं: 'कश्फ वल्ला इऽआदा?' कश्फ म्हणजे पहिली तपासणी, इऽआदा म्हणजे त्याच आजारासाठी पुन्हा दाखवणं. दोन्हीची फी वेगळी असते.

मराठी_इन_मस्कत
मला मुंबईतल्या वकिलातीत कागद साक्षांकित करायला वेळ हवी आहे. तिथे फोन केला तर अरबीत बोलावं लागेल का?

टंकलेखक
तुमचा विषय वेगळा आहे. मुंबईत फोन केलात तर इंग्रजी किंवा हिंदीत बोलता येईल. इथे अरब देशातल्या दवाखान्याचं चाललंय. वेगळा धागा काढलात तर माहितगार नक्की येतील.

सायली_अम्मान
अक्षरांचं समजलं. आता ऐकू आलं नाही किंवा फार भरभर बोलली तर? मी आत्तापर्यंत 'मा फहिम्त' एवढंच म्हणत आले, म्हणजे समजलं नाही. त्यावर ती तेच वाक्य जोरात म्हणते.

वाव_वर्दा
'मा फहिम्त' मध्ये अडचण ही की काय समजलं नाही ते पलीकडच्या माणसाला कळत नाही. आवाज गेला, शब्द नवा होता की वेग जास्त होता? प्रत्येकाला वेगळं वाक्य लागतं.

आवाज नीट आला नाही तर 'मा समिऽतिक मनीह़'. हे बाईला उद्देशून. लाइन तुटत असेल तर 'अस्-सौत बिक़त्तिऽ', आवाज तुटतोय. मग ती स्वतःच जागा बदलते किंवा परत फोन करते.

वेग कमी करायला 'श्वय्य श्वय्य, लौ समह़ती'. हळूहळू, कृपया. पुरुष असेल तर 'लौ समह़त', शेवटचा ई काढायचा.

पुन्हा म्हणायला सांगायचं तर 'मुम्किन तऽईदी?', पुरुषाला 'मुम्किन तऽईद?'. पण याहून उपयोगी म्हणजे फक्त तो तुकडा मागणं. 'कमान मर्रा अस्-साऽआ' म्हणजे वेळ पुन्हा एकदा. 'कमान मर्रा अल-यौम' म्हणजे वार पुन्हा एकदा. तुकडा मागितला की ती तेवढाच शब्द सावकाश म्हणते, सगळं वाक्य परत ऐकवत नाही. सायली, तुमचा जोरात बोलण्याचा त्रास इथे संपेल.

आणि ती 'ख़ल्लीकी मऽई' किंवा 'ख़ल्लीकी ऽल-ख़त' म्हणाली तर फोन ठेवू नका. 'लाइनवर राहा' असं सांगतेय.

फुस्हावादी
मला हे पटत नाही. बोलीतली वाक्यं पाठ करून माणूस एका शहरापुरता उरतो. शुद्ध अरबी, म्हणजे फुस्हा, शिकली असती तर 'उरीदु अन अह़जिज़ मौऽइदन' हे मोरोक्कोपासून ओमानपर्यंत सगळीकडे कळलं असतं. 'हल युम्किनुकि अन तुऽईदी?' यात काय अवघड आहे?

कैरोवारी
तुम्ही बोललेलं त्यांना कळेल, यात वाद नाही. अडचण उलट दिशेची आहे. त्या उत्तर फुस्हात देत नाहीत. तुम्ही वाक्य फुस्हात टाकलंत की उत्तर येतं 'बिनासिबिक बऽद बुकरा?', म्हणजे परवा चालेल का, आणि पुस्तकात 'बऽद ग़द' शिकलेला माणूस परवाला मुकतो. फोनवर बोलण्यापेक्षा ऐकणं जड असतं.

फुस्हावादी
ऐकण्यासाठी बोली, बोलण्यासाठी फुस्हा, असं म्हणा मग. माझं मत कायम आहे.

वाव_वर्दा
तुमचं वाक्य चालेल, सायलीला सोपं वाटेल ते तिने घ्यावं. एक बारकावा मात्र दोन्हीकडे सारखाच. 'अह़जिज़' म्हणजे ठरवते, यात खोल ह़ आहे. अक्षर अक्षर सांगण्याला 'अहज्जी' म्हणतात, त्यात साधा ह आहे. ज वर जोर न देता घाईत म्हटलं तर दोन्ही एकमेकांत मिसळतात. म्हणून 'बहज्जीलिक याह' म्हणायची भीती वाटत असेल तर नुसतं 'ह़र्फ ह़र्फ' म्हणा. अक्षर अक्षर. ते कोणालाही कळतं.

मिरजेची_मावशी
हरफ म्हणजे अक्षर हे आपल्यालाही ठाऊक आहे. आणखी असे शब्द असतील तर सांगा ना, फोनवर आधार होईल.

टंकलेखक
मावशी, बरेच आहेत. 'शू अल-इस्म?' म्हणजे नाव काय. त्या इस्मवरूनच आपला 'इसम' आला, पोलिसांच्या भाषेतला अनोळखी इसम. मौऽइद आणि आपला वायदा एकाच धातूचे. वेळ पक्की झाली की ती 'मज़बूत' म्हणते. अर्थ 'बरोबर, अचूक'. आपला मजबूत त्यातूनच आला, फक्त अर्थ भक्कमपणाकडे सरकला. तारीख तर जशीच्या तशी, त्यातला ख़ तेवढा घशातून काढायचा.

खोबार_दादा
हे छान आहे. पण नावापेक्षा मला वाटतं आकड्यांत जास्त माणसं फसतात. मोबाइल नंबर सांगताना सात आणि नऊ. सब्ऽआ, तिस्ऽआ. यमकच आहे ते.

वाव_वर्दा
अगदी बरोबर दादा, हे सांगायलाच हवं होतं. जॉर्डनचे मोबाइल नंबर दहा आकडी आणि ०७ ने सुरू होतात, पुढे ७, ८ किंवा ९. म्हणजे पहिल्या तीन आकड्यांतच 'सिफ्र सब्ऽआ तिस्ऽआ' किंवा 'सिफ्र सब्ऽआ सब्ऽआ' येणार. फोनवर पहिलं अक्षर गेलं की दोन्ही सारखे. ती परत म्हणेल तेव्हा विचारून घ्या: 'सब्ऽआ वल्ला तिस्ऽआ?' सात की नऊ? आणि नऊ असेल तर 'तिस्ऽआ, क़ब्ल अल-ऽअशरा' म्हणजे दहाच्या आधीचा नऊ. तिला लगेच उमगतं.

नंबर एकेक आकडा करूनच सांगा. त्या मात्र जोड्या करून परत म्हणतात. तिथे मराठी माणसाला एक फायदा आहे. पंचवीस म्हणताना आपण पाच आधी म्हणतो, तेही 'ख़म्सा व ऽइश्रीन', पाच आणि वीस. इंग्रजीतून विचार केलात तर ५२ लिहाल, मराठीतून केलात तर २५ च लिहाल.

कैरोवारी
वाराचं पण सांगा. रविवार पहिला धरून मोजतात. 'अल-इस्नैन' हा शब्द दोनवरून आला, पण तो सोमवार. 'अत-तलाता' तीनवरून, मंगळवार. सोमवारला एक धरणारा माणूस एक दिवस उशिरा पोचतो.

वाव_वर्दा
आणि त्यातला सगळ्यात कठीण बुधवार. 'अल-अर्बिऽआ' म्हणजे बुधवार, 'अर्बऽआ' म्हणजे चार. 'यौम अल-अर्बिऽआ, अस्-साऽआ अर्बऽआ' असं भरभर म्हटलं की नवख्याला एकच शब्द दोनदा ऐकू येतो आणि तो वार किंवा वेळ यांपैकी एक गाळतो. 'यौम' नंतरचा वार, 'अस्-साऽआ' नंतरची वेळ, एवढं कानाला लावून घ्या.

पावणेचारला 'अर्बऽआ इल्ला रुबुऽ', चार उणे पाव. साडेचारला 'अर्बऽआ व नुस्स'. पावणे आणि साडे आपल्याकडे शब्दाच्या आधी येतात, त्यांच्याकडे मागून. घाईत 'अर्बऽआ' ऐकलं की माणूस चार लिहून मोकळा होतो आणि मागचा 'इल्ला रुबुऽ' निसटतो.

आता पूर्ण फोन असा जाईल. रि म्हणजे रिसेप्शन.

रि: आलो, ऽइयादेत अल-अस्नान, तफद्दली.
प्राची: मर्ह़बा. बिद्दी अह़जिज़ मौऽइद, लौ समह़ती.
रि: अह्ला व सह्ला. अव्वल मर्रा ऽइन्ना?
प्राची: आह, अव्वल मर्रा.
रि: शू अल-इस्म?
प्राची: ब्रात्शी ग़ोख़ाली. ह़र्फ ह़र्फ: बा बत्ता, रा रुम्मान, अलिफ अर्नब, ता तुफ्फाह़ा, शीन शम्स, या यद.
रि: ब्राशी?
प्राची: ला, फी ता क़ब्ल अश्-शीन. ता तुफ्फाह़ा.
रि: आह, ब्रात्शी. वल्-ऽआइला?
प्राची: ग़ैन ग़ज़ाल, वाव वर्दा, ख़ा ख़रूफ, अलिफ अर्नब, लाम लैमून, या यद.
रि: ग़ोख़ाली. फी मौऽइद यौम अल-अर्बिऽआ, अस्-साऽआ अर्बऽआ इल्ला रुबुऽ. बिनासिबिक?
प्राची: ख़ल्लीनी अऽईद. यौम अल-अर्बिऽआ, अस्-साऽआ तलाते व ख़म्सा व अर्बऽईन, सह़?
रि: सह़, मज़बूत.

'अव्वल मर्रा ऽइन्ना?' म्हणजे आमच्याकडे पहिल्यांदाच का, 'वल्-ऽआइला?' म्हणजे आणि आडनाव, 'ख़ल्लीनी अऽईद' म्हणजे परत म्हणून बघते, 'सह़' म्हणजे बरोबर. यात दोन जागा बघा. 'ब्राशी' ऐकल्यावर प्राचीने सगळं नाव पहिल्यापासून परत सांगितलं नाही. 'फी ता क़ब्ल अश्-शीन' म्हणजे शीनच्या आधी ता आहे, एवढंच. सगळं परत सांगितलं तर आधी बरोबर लिहिलेली अक्षरंही ती पुसून नव्याने लिहिते आणि नवी चूक करते. दुसरं, वेळ परत म्हणताना प्राचीने तिचेच शब्द वापरले नाहीत. पावणेचार ऐकलं, तीन पंचेचाळीस म्हटलं. पोपटासारखं 'इल्ला रुबुऽ' म्हटलं असतं तर समजलं की नाही ते कोणालाच कळलं नसतं. वेगळ्या शब्दांत म्हटल्यावर चूक असेल तर ती तिथेच पकडते.

सायली_अम्मान
'वल्-ऽआइला?' च्या ऐवजी तिने 'अल-इस्म अर-रुबाऽई' विचारलं तर? शेजारणीने सांगितलं की तसं विचारतात.

टंकलेखक
रुबाऽई म्हणजे चार भागांचं नाव: स्वतःचं, वडिलांचं, आजोबांचं आणि घराण्याचं. आपल्याकडे तीन भाग असतात, त्याला ते 'सुलासी' म्हणतात. आजोबांचं नाव सांगत बसायची गरज नाही, परवान्यावर नाही ते फाइलमध्येही नको. 'फी बस इस्म व ऽआइला' म्हणजे फक्त नाव आणि आडनाव आहे, असं सांगून टाका. लग्न झालेल्यांनी एक काळजी घ्यावी. आपल्याकडे मधलं नाव नवऱ्याचं असतं, त्यांच्याकडे मधलं नाव वडिलांचं. मधलं नाव सांगितलंत तर नवरा तुमच्या वडिलांच्या रकान्यात जाऊन बसेल.

खोबार_दादा
एवढं करण्यापेक्षा परवान्याचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला तर?

वाव_वर्दा
दवाखाना व्हॉट्सॲप वापरत असेल तर जरूर पाठवा. पण कित्येकदा नंबर टेलिफोनच्या लाइनचा असतो, त्यावर फोटो जात नाही. शिवाय काही दवाखाने नाव इंग्रजी अक्षरांत घेतात. तेव्हा त्या 'बिल-इन्ग्लीज़ी' म्हणतात आणि मग प-ब चा घोळ नव्याने सुरू. लोक 'पॅरिसचा पी' म्हणून बघतात, पण अरबीत पॅरिसच 'बारीस' आहे. पेप्सीही 'बेब्सी'. त्यापेक्षा जागा सांगा: 'इल्ली बऽद ओ', म्हणजे ओ च्या नंतरचं अक्षर. तिथे चूक व्हायला जागाच नाही.

कैरोवारी
हे नव्यानेच कळलं. व्ही साठीही चालेल ना? 'इल्ली बऽद यू'. पल्लवी, वैभव वगैरेंसाठी.

वाव_वर्दा
चालेल. अरबीत लिहायचं असेल तर मात्र व साठी फा सांगा, फा फील, हत्तीचा. अर्थात परवान्यावर फा असेल तर. कोणी वाव लिहून ठेवला असेल तर वाव.

सायली_अम्मान
कागदावर सगळं लिहून काढलं. उजवीकडे अक्षरं आणि शब्द, डावीकडे 'कमान मर्रा', 'श्वय्य श्वय्य', 'सब्ऽआ वल्ला तिस्ऽआ'. एकच राहिलं. वेळ घेतल्यावर जमलं नाही तर?

आणि ती 'बऽद अल-ऽअस्र' म्हणाली तर ते किती वाजता?

वाव_वर्दा
बदलायची असेल तर 'बिद्दी अग़य्यिर अल-मौऽइद', रद्द करायची असेल तर 'बिद्दी अल्ग़ी अल-मौऽइद'. दोन्हींत ग़ैन आहे, घशातून काढा. नाव पुन्हा विचारतील, कागद जवळ ठेवा.

ऽअस्र म्हणजे दुपारनंतरची नमाज. ती घड्याळाला बांधलेली नाही, सूर्याला आहे. डिसेंबरात आणि जूनमध्ये तिच्यात सुमारे तासाभराचा फरक पडतो. 'बऽद अल-ऽअस्र' किंवा 'बऽद अल-मग़्रिब', म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजेनंतर, असं ऐकलं की तिथेच विचारा: 'यऽनी अस्-साऽआ कम?' म्हणजे किती वाजता. रमजानमध्ये तर दवाखान्याच्या वेळाच बदलतात, तेव्हा हे विचारल्याशिवाय फोन ठेवू नका.

फुस्हावादी
'कम अस्-साऽआ' असं पाहिजे.

कैरोवारी
ते 'आत्ता किती वाजले' झालं. तिला विचारायचंय वेळ किती वाजताची. अम्मानला 'ऽला अय्य साऽआ?' असंही ऐकलंय.

फुस्हावादी
'फी अय्यि साऽआ' हे फुस्हातलं. ते चालेलच.

सायली_अम्मान
तिन्ही लिहून ठेवते, जे तोंडातून आधी येईल ते. आमच्या दवाखान्याला शुक्रवारी सुट्टी असते, शनिवारी सकाळी उघडतो. शनिवारी साडेनऊला फोन करते. यात लिहून ठेवलेलं नसलेलं काही विचारलं तर शब्द टिपून इथे आणते.

वाव_वर्दा
शब्द कळला नाही तर 'शू यऽनी?' विचारा. त्याचा अर्थ काय? आणि उत्तर ऐकू आलं तसंच देवनागरीत लिहून आणा. अरबी लिपीत दुरुस्त करत बसू नका, ऽ आणि ह़ ची खूण तेवढी ठेवा.